मीनलची तक्रार: कायदा कानाने शिकवताना

कंपनीच्या नियमांच्या प्रशिक्षणात पडद्यावर चित्रे सरकत असताना मागून जो आवाज बोलतो, त्याला व्हॉइसओव्हर म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटे हा आवाज ऐकायचा, शेवटी दहा प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचे, अशी आता बहुतेक मोठ्या कंपन्यांतली रीत आहे. हौस म्हणून कोणी हे करत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा 2013चा कायदा, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात, त्याच्या 19व्या कलमाने मालकावर काही कर्तव्ये टाकली आहेत. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणे हे त्यांतलेच एक. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात तीन पाळ्यांतल्या माणसांना एका सभागृहात बसवणे अवघड असते. म्हणून ते काम ध्वनिमुद्रित आवाजावर सोपवले जाते.

हा आवाज बहुतेकदा कायदा वाचून दाखवतो, आणि अडचण तिथूनच सुरू होते. तक्रारीची मुदत सांगणारे एक वाक्य अनेक मराठी संहितांमध्ये साधारण असे सापडते: ‘पीडित महिलेने घटना घडल्याच्या दिनांकापासून, आणि घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेच्या दिनांकापासून, तीन महिन्यांच्या कालावधीत अंतर्गत समितीकडे लेखी स्वरूपात तक्रार दाखल करावी, तथापि, सदर कालावधीत तक्रार दाखल करण्यापासून महिलेस रोखणारी परिस्थिती होती अशी समितीची खात्री पटल्यास, कारणे लेखी नमूद करून, तीन महिन्यांहून अधिक नसेल इतकी मुदत वाढवता येईल.’ कायदा म्हणून या वाक्यात काही चूक नाही. कागदावर ते दोनदा वाचता येते, ‘तथापि’पाशी थांबता येते, वर जाऊन ‘सदर’ म्हणजे कोणते ते शोधता येते. कानाला मागे जाता येत नाही. ऐकणारा ‘मालिका’ या शब्दापाशी अडखळतो, आणि तेवढ्यात आवाज पुढच्या कलमावर गेलेला असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे: सगळे नियम एकाच गोष्टीत ओवायचे आणि गोष्ट तोकड्या, साध्या वाक्यांत सांगायची. स्टॅनफर्डमध्ये गॉर्डन बाउअर आणि मायकल क्लार्क यांनी 1969 साली केलेला एक छोटा प्रयोग या बाबतीत आवर्जून सांगण्यासारखा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना एकमेकांशी संबंध नसलेल्या दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या. निम्म्यांना सांगितले, प्रत्येक यादीतले शब्द गुंफून गोष्ट रचा. बाकीच्यांनी तेवढाच वेळ नुसते पाठ केले. यादी संपल्या संपल्या विचारले तेव्हा दोन्ही गटांना जवळजवळ सगळे शब्द आठवले. बाराही याद्या झाल्यावर पुन्हा विचारले, तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांना सुमारे 93 टक्के शब्द आठवले आणि पाठ करणाऱ्यांना सुमारे 13 टक्के. प्रशिक्षण बनवणाऱ्यांनी या प्रयोगाचा दुसरा भाग जितका लक्षात घ्यायचा, तितकाच पहिलाही घ्यायला हवा. चित्रफीत संपताच घेतलेल्या चाचणीत रटाळ वाचनही उत्तीर्ण होते. चांगले आणि वाईट यांतला फरक त्या वेळी दिसतच नाही.

आता गोष्ट कशी निवडतात ते पाहू. एका वाहनभाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी संहिता लिहायची आहे असे धरू. नायिका काल्पनिक आहे: मीनल, आयटीआय झालेली, चार महिन्यांपूर्वी अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलेली. निवेदन असे सुरू होते:

‘दहा जून. बुधवार. रात्रीचे पावणेबारा. मीनल दुसरी पाळी संपवून कंपनीच्या बसमध्ये बसली. शेजारच्या सीटवर लाइन इन्चार्ज येऊन बसले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. त्यांनी परत ठेवला. म्हणाले, “ट्रेनिंगनंतर इथंच राहायचंय ना?” मीनल उठली. पुढच्या सीटवर जाऊन बसली.’

जेमतेम पाऊण मिनिटाचा हा प्रसंग, पण त्यातला एकही तपशील सहज आलेला नाही. मीनल कायम कामगार नाही, अ‍ॅप्रेंटिस आहे, कारण कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिकाऊ, कंत्राटी, हंगामी, परिविक्षाधीन अशा सगळ्या येतात आणि नेमके हेच अनेकींना ठाऊक नसते. प्रसंग खात्यात न घडता बसमध्ये घडतो, कारण मालकाने पुरवलेले वाहनही कायद्याच्या दृष्टीने कामाचे ठिकाण आहे. हात दोनदा ठेवला जातो. पहिल्या वेळी तिने तो बाजूला केला, म्हणजे तिला तो नको आहे हे कळलेले आहे. ते एक वाक्य नोकरीशी जोडलेले आहे. नोकरीत बढतीचे आमिष किंवा नुकसानीची धमकी, उघड असो वा आडून, कायद्याने वेगळी नोंदवलेली परिस्थिती आहे. व्याख्यांची चार पाने या पाऊण मिनिटात येऊन जातात. पुढे निवेदनाला फक्त मागे वळून बोट ठेवायचे असते: ‘मीनल अ‍ॅप्रेंटिस आहे. तिला हा कायदा लागू होतो? होतो. बस म्हणजे कामाचं ठिकाण? हो, कंपनीची बस असेल तर.’

नावाचीही गंमत नसते. लाइन इन्चार्जला संहितेत नाव देत नाहीत, आडनाव तर मुळीच नाही. दोन हजारांच्या हजेरीपटावर कोणतेही आडनाव सापडतेच, आणि मग त्या बिचाऱ्याला कँटीनमध्ये वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. नायिकेचे नावही त्या कारखान्याच्या यादीत आहे का, हे आधी मनुष्यबळ विभागाकडून पाहून घ्यायचे. प्रसंगही इतकाच ठेवायचा. तो रंगवून सांगितला तर काही जण मिटक्या मारत ऐकतात, आणि ज्या बाईवर तसा प्रसंग खरोखर आलेला असतो तिला तो पुन्हा भोगावा लागतो. दोन्ही नकोत.

मीनलचा खरा उपयोग होतो तो मुदतींच्या ठिकाणी. या कायद्यात मुदतीच मुदती आहेत: तीन महिने, सात दिवस, दहा दिवस, नव्वद दिवस, पुन्हा दहा, मग साठ, मग पुन्हा नव्वद. यादी म्हणून वाचल्या तर एकही राहत नाही, कारण आकडे एकमेकांसारखे आहेत आणि त्यांना धरायला काही नाही. गोष्टीत त्यांच्या तारखा होतात. मीनलचा प्रसंग 10 जूनचा, म्हणजे तक्रारीची मुदत 10 सप्टेंबरपर्यंत. ती जुलैभर गप्प राहते. आईला सांगते, मैत्रिणीला सांगते, आणि 3 ऑगस्टला, सोमवारी, अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार देते. समितीने तक्रारीची प्रत समोरच्या माणसाला सात कामाच्या दिवसांत द्यायची. शनिवार-रविवार सुट्टीचे धरले आणि मध्ये सण नसला, तर तो दिवस 12 ऑगस्ट येतो. त्या दिवशी प्रत हातात पडली की त्याला उत्तरासाठी दहा कामाचे दिवस, म्हणजे 26 ऑगस्ट. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. 3 ऑगस्टपासून मोजले तर 1 नोव्हेंबर. अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, 11 नोव्हेंबरपर्यंत. अहवाल मिळाल्यापासून मालकाने साठ दिवसांत त्यावर कारवाई करायची, म्हणजे 10 जानेवारी. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालेली गोष्ट थंडीत संपते, आणि ऐकणाऱ्याला प्रथमच अंदाज येतो की हे प्रकरण किती काळ चालू शकते.

तरी या सगळ्या तारखा निवेदनात म्हणायच्या नाहीत. नवखा लेखक इथे हमखास चुकतो. यंत्रावर काम करणाऱ्या बाईला लक्षात ठेवायची मुदत एकच आहे, तीन महिन्यांची, कारण तेवढीच तिच्या हातात आहे. सात, दहा, नव्वद, साठ ही समितीची आणि मालकाची बांधीलकी. त्या तारखा पडद्यावरच्या कॅलेंडरवर एकेक करून लाल होतात, आणि आवाज फक्त इतके म्हणतो: ‘यापुढच्या तारखा समितीने पाळायच्या आहेत. मीनलने नाही.’ मालकाला होणारा पन्नास हजारांपर्यंतचा दंड, विशाखा खटल्याचा 1997चा निकाल, समितीतल्या सदस्यांच्या नेमणुकीची पद्धत, हेही असेच बाहेर ठेवायचे. बहुतेक चित्रफिती विशाखा निकालापासून सुरू होतात. इतिहास म्हणून तो मोठाच आहे, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाची पहिली दोन मिनिटे त्यावर खर्ची घातली, तर मीनल बसमध्ये चढण्याआधीच तो पेंगलेला असतो. समितीच्या सदस्यांसाठी वेगळे प्रशिक्षण असते. हा मजकूर तिथे शोभतो.

वाक्यांकडे वळू. सुरुवातीला दिलेले ते लांबलचक वाक्य मीनलच्या संहितेत असे होते:

‘दहा जूनला हे घडलं. तक्रारीची मुदत तीन महिने. म्हणजे दहा सप्टेंबर. असं पुन्हा पुन्हा घडलं असेल, तर? शेवटच्या वेळेपासून मोजायचं. आणि मुदत उलटली, तर? दार लगेच बंद होत नाही. का जमलं नाही, ते समितीला सांगायचं. कारण पटलं, तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.’

शब्द जवळपास तेवढेच आहेत, पण वाक्ये एकाची नऊ झाली. एका वाक्यात एकच गोष्ट आहे. ‘तथापि’ने जोडलेला अपवाद प्रश्न होऊन आला आहे, आणि तो प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात त्या क्षणी येणारच होता. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून लांब वाक्यात ऐकणाऱ्याला कर्ता, कर्म, अटी हे सगळे तोलून धरत शेवटच्या शब्दाची वाट पाहावी लागते. काय करायचे आहे, की काय करायचे नाही, हे त्याला सर्वांत शेवटी कळते. आठ-दहा शब्दांत क्रियापद आले की ते ओझे उतरते. निवेदकाच्या श्वासालाही तेच बरे असते. मराठी निवेदन मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्दांच्या वेगाने नीट ऐकू येते. म्हणून वीस मिनिटांच्या फितीला दोन-सव्वादोन हजार शब्द पुरतात. त्याहून जास्त कोंबले की निवेदक धावायला लागतो आणि मुदतींचे आकडेच आधी गिळले जातात.

संहिता बोलीच्या लेखनात लिहायची, हेही पथ्य आहे. ‘केले’ लिहिले की निवेदक ‘केले’च वाचतो आणि मीनल एकदम सरकारी परिपत्रकात जाऊन बसते. ‘केलं’ लिहिले की ती बसमध्ये राहते. ऐकणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणावे. ते आदरार्थी तर आहेच, शिवाय ‘तू गेलीस’, ‘तू गेलास’ यांत जो स्त्री-पुरुष भेद करावा लागतो, तो ‘तुम्ही गेलात’मध्ये टळतो, आणि हे प्रशिक्षण पुरुषांनीही ऐकायचे असते.

शब्दनिवडीत सर्वांत महत्त्वाचा शब्द एकच. कायद्याच्या व्याख्येचा गाभा असा की ते वर्तन समोरच्या व्यक्तीला नको असलेले असते. भाषांतरित संहितांमध्ये याला ‘अस्वागतार्ह’ असा शब्द दिसतो. तो उच्चारायला अवघड, आणि पाहुण्यांच्या स्वागतासारखे काहीतरी भलतेच सुचवणारा. मराठीत यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचा शब्द आहे, ‘नकोसा’. नकोसा स्पर्श, नकोसं बोलणं, नकोशी नजर. शाळा न शिकलेल्या बाईलाही तो कळतो. शिवाय ‘नको’ तिच्या बाजूने म्हटलेले आहे, आणि कायदाही तिच्या बाजूनेच पाहतो. ‘छेडछाड’ आणि ‘मस्करी’ हे शब्द मात्र संहितेत येऊ द्यायचे नाहीत. ते रोजच्या बोलण्यातले आहेत खरे, पण प्रसंग हलका करून ठेवतात. ‘आरोपी’ही नको. तो फौजदारी खटल्यातला शब्द आहे, आणि चौकशी संपेपर्यंत काहीच ठरलेले नसते. ‘ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, ते’ हे लांब वाटले तरी बरोबर आहे.

लहान वाक्यांची एक खोड मात्र आहे. ती अटी कापून टाकतात, आणि अट गेली की नियम खोटा होतो. चौदाव्या कलमात हे सर्वांत जास्त घडते. कितीतरी चित्रफितींमध्ये एक ठसकेबाज वाक्य असते: ‘खोटी तक्रार केली, तर शिक्षा होते.’ सहा शब्दांत काम झाले, आणि ऐकणाऱ्या बायकांच्या मनात भीती बसली. कायदा तसे म्हणत नाही. तक्रार वाईट हेतूने केली असेल, खोटी आहे हे माहीत असून केली असेल किंवा खोटी कागदपत्रे दिली असतील, असा निष्कर्ष समितीने काढला तरच कारवाईची शिफारस होऊ शकते. तो वाईट हेतूही चौकशीतून सिद्ध व्हावा लागतो. नुसता पुरावा कमी पडला म्हणून कारवाई होत नाही, हे कायद्याने मुद्दाम लिहून ठेवले आहे. एवढे सगळे लहान वाक्यांत कसे बसवायचे? इथे गोष्टीची मदत होते:

‘बस रिकामी होती. कोणी पाहिलं नाही, असं समजा. मीनलकडे पुरावा नाही. समितीला तक्रार सिद्ध झाली असं म्हणता आलं नाही. मग मीनल खोटं बोलली का? नाही. सिद्ध न होणं वेगळं. खोटं असणं वेगळं. माहीत असून खोटं सांगितलं आणि ते चौकशीत ठरलं, तरच कारवाई.’

वाक्ये वाढली, पण एकही लांब झाली नाही आणि एकही अट गळाली नाही. संहिता तयार झाली की कायद्याच्या जाणकाराकडे जाते. तेव्हा त्याच्यापुढे अशी लहान वाक्ये मूळ कलमाशेजारी मांडून ठेवावीत. वकील मंडळींना लहान वाक्याचा संशय येतो, आणि तो पुष्कळदा रास्त असतो. ते एक अट परत घालायला सांगतात. ती जुन्या वाक्यात न कोंबता नवे वाक्य करून घालावी, इतकेच.

पडदा आणि आवाज यांची वाटणीही ठरवावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बारा शाखेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द यांतून माणूस कसा शिकतो यावर बरीच वर्षे प्रयोग केले. चित्राबरोबर निवेदन ऐकताना तेच निवेदन अक्षरशः पडद्यावरही लिहिलेले असले, तर शिकणे सुधारण्याऐवजी बहुधा बिघडते, असे त्यांना आढळले. डोळे ओळ वाचतात, कान तीच ओळ दुसऱ्या वेगाने ऐकतात आणि चित्राकडे कोणीच पाहत नाही. म्हणून मीनल बसमध्ये असताना पडद्यावर बस असते, वाक्ये नसतात. ‘10 सप्टेंबर’ एवढेच अक्षरात येते. ज्यांना ऐकू येत नाही किंवा मराठी नीट कळत नाही, त्यांच्यासाठी पूर्ण उपशीर्षके हवीतच, पण ती ज्याला हवी त्याने बटण दाबून लावावीत.

ध्वनिमुद्रणाची खोली हा या कामातला सर्वांत छोटा टप्पा, बहुधा दोन-तीन तासांचा. निवेदकाला आवाज चढवू द्यायचा नाही. मीनलचा प्रसंग थरथरत्या आवाजात वाचला की ती मालिका होते. लाइन इन्चार्जचे वाक्य खलनायकी ढंगात म्हटले, तर ऐकणारे पुरुष ‘आपण असे नाही’ म्हणून मोकळे होतात. खऱ्या प्रसंगात ते वाक्य हसत, साधेपणाने, जवळजवळ काळजीने म्हटले जाते, आणि तसेच वाचले तर अंगावर काटा येतो. आकड्याच्या आधी आणि नंतर अर्ध्या सेकंदाची जागा ठेवायची. ‘सात दिवस’ आणि ‘सात कामाचे दिवस’ यांत निवेदक नकळत ‘कामाचे’ खातो, म्हणून त्या शब्दाखाली संहितेतच रेघ मारून ठेवायची. प्रत्येक पडद्याचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये, `S07_mudat_v2.wav` अशा नावाने साठवायचा. त्यामुळे एक वाक्य बदलले तर तेवढेच पुन्हा वाचून घेता येते. तशी वेळ येतेच. कायद्यात या समितीचे नाव आधी ‘अंतर्गत तक्रार समिती’ होते. 2016च्या दुरुस्तीने ‘तक्रार’ हा शब्द गेला. ज्यांनी सगळे निवेदन एकाच लांब फाइलमध्ये वाचून घेतले होते, त्यांना एका शब्दासाठी सगळे पुन्हा मुद्रित करायचे किंवा जुनेच नाव चालवून घ्यायचे, एवढेच पर्याय उरले.

आता या पद्धतीची मर्यादा. एकच गोष्ट इतकी पक्की बसते की ऐकणाऱ्याला नियम त्या गोष्टीएवढाच वाटायला लागतो. छळ म्हणजे रात्रीची बस, खांद्यावरचा हात, वरिष्ठ पुरुष आणि तरुण मुलगी. मग दुपारी, सगळ्यांदेखत, बरोबरीच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले चित्र त्यात बसत नाही. हा दोष टाळायला दुसरी गोष्ट आणायची नाही, कारण दोन गोष्टी आल्या की दोन्हींचे तपशील एकमेकांत मिसळतात. त्याच मीनलच्या गोष्टीतली एकच बाब बदलायची आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे. बसऐवजी मोबाइल. लाइन इन्चार्जऐवजी माल घेऊन आलेला ट्रकचालक, जो कंपनीचा माणूसच नाही. मीनलऐवजी पन्नाशीची, वीस वर्षे काम केलेली बाई. प्रत्येक बदलाला एक प्रश्न: ‘आता कायदा लागू होतो?’ तिन्ही वेळा उत्तर ‘होतो’ असते, आणि नियमातला कोणता भाग स्थिर आहे ते आपोआप उघडे पडते.

गोष्टीची दुसरी अडचण न्यायाची आहे. निवेदकाने प्रसंग डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगितला की ऐकणाऱ्याला सत्य आधीच माहीत असते. समितीला ते माहीत नसते. म्हणून चौकशीच्या भागात निवेदनाने दुसरी बाजूही सपाट आवाजात सांगायची: ‘ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, ते म्हणतात, बस वळली, तोल गेला. ट्रेनिंगचं सहज विचारलं.’ मग समिती काय पाहते ते यावे. पुढच्या सीटवरची सहप्रवासी काय सांगते, मीनलने त्याच रात्री मैत्रिणीला पाठवलेला निरोप कितीचा आहे, बसचा मार्ग कोणता. चौकशी चालू असताना मीनलच्या कामाचा शेरा लाइन इन्चार्जने लिहू नये, दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, अशी शिफारस समिती करू शकते. त्यासाठी मीनलने लेखी विनंती करायची. अ‍ॅप्रेंटिससाठी हा शेरा म्हणजे पुढची नोकरी असते, म्हणून हे एक वाक्य कितीही घाईत गाळायचे नाही.

गोपनीयतेचे सोळावे कलम गोष्टीत सर्वांत सहज बसते. कँटीनमध्ये कोणी म्हणते, ‘मीनलनं तक्रार केली म्हणे.’ निवेदन तिथेच थांबते. तक्रारीतला मजकूर, दोघांची नावे, साक्षीदार, चौकशी, शिफारस, यांतले काहीही बाहेर फोडायचे नाही, आणि चौकशी हाताळणाऱ्याने ते फोडले तर नियमांत पाच हजार रुपयांचा दंड आहे. हे ऐकताना अनेकांच्या प्रथमच लक्षात येते की नाव लपवायचे ते दोघांचेही.

निवेदन जमले की नाही हे संहिता लिहिणाऱ्याच्या टेबलावर कळत नाही. मुद्रणाआधी ती मोठ्याने वाचून त्याच कारखान्यातल्या चार-पाच जणांना ऐकवावी, आणि प्रश्न न विचारता म्हणावे, मीनलचे काय झाले ते सांगा. ते जिथे अडखळतात तिथले वाक्य वाईट आहे. जिथे तपशील स्वतःच्या शब्दांत येतो, तिथले चांगले आहे. मग त्याच माणसांना आठ-दहा दिवसांनी पुन्हा भेटून मीनलबद्दल काहीच न बोलता एक नवा प्रसंग सांगायचा, आणि तक्रार करता येईल का, कधीपर्यंत, कोणाकडे, हे विचारायचे. चित्रफितीच्या शेवटी येणारे ‘मुदत किती? अ) 30 दिवस ब) 3 महिने’ असले प्रश्न प्रमाणपत्रासाठी ठीक आहेत. त्यांतून फक्त फीत चालू होती एवढेच कळते.

शेवटचा पडदा ‘कोणाकडे’ या प्रश्नाचा असतो. तिथे सदस्यांची नावे आणि फोन नंबर वाचून दाखवायचा मोह होतो. पण समितीच्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, माणसे बदली होऊन जातात, नोकरी सोडतात, आणि रेकॉर्ड झालेले नाव तसेच वाजत राहते. कायद्याने मालकाला समितीच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावायला सांगितलेला आहेच. म्हणून मीनल शेवटच्या पडद्यावर गेटजवळच्या फलकापाशी उभी असते, आणि आवाज म्हणतो: ‘नावं इथं लिहिलेली आहेत. लिहिता येत नसेल, तरी चालेल. यांच्यापैकी कोणालाही सांगा. तक्रार लिहायला ते मदत करतील. तशी मदत करणं हे त्यांचं काम आहे.’